प्रतिसाद: अक्षर लहान हवं म्हणून h4 नको

> ठाण्याच्या तलावांवरच्या लेखात h1 नंतर थेट h4 वापरलंय, h2 फार मोठं दिसतं. चालेल ना?

दिसायला चालेल, ऐकायला नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए प्रोग्रामवर वाचणारा पुढच्या विभागासाठी 2 दाबतो. तुमच्या लेखात त्याला काहीच सापडणार नाही. H दाबून h4 मिळेल खरं, पण मधलं काही सुटलं की काय, ही शंका राहतेच. अक्षराचा आकार सीएसएसमध्ये बदला, पातळी मजकुरावरून ठरवा. कोपिनेश्वर मंदिर मासुंद्याकाठी, म्हणून ते त्याच्या पोटात:

```
h1 ठाण्याचे तलाव
  h2 मासुंदा
    h3 कोपिनेश्वर मंदिर
  h2 उपवन
```

उपवनला h3 दिलंत तर ते मासुंद्याचाच भाग ठरेल! h3 वरून परत h2 वर येण्यात मात्र काही चूक नाही. एनव्हीडीएत Insert+F7 दाबून घटकांची यादी उघडा आणि त्यात शीर्षकं निवडा, चुकलेली पातळी लगेच दिसेल.