अनुभव धागा: ताबा घेताना बिल्डरला दिलेलं दुरुस्तीचं पत्र

ताबा घेताना फिनिशिंगमधल्या त्रुटींचं पत्र तुम्ही कसं दिलंत आणि तारखा कशा मिळवल्यात, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

आमचा फ्लॅट पुण्यात. पहिल्या पत्रात मी "बाथरूमचं काम नीट नाही, टाइल्स पोकळ आहेत" एवढंच लिहिलं. साइट इंजिनिअर "करून देतो" म्हणाला आणि तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एका रविवारी नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवली, पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारली, फोटो काढले. दुसरं पत्र असं झालं: "मास्टर बेडरूम, खिडकीखालच्या ६ टाइल्स पोकळ, फोटो १ ते ३. कॉमन बाथरूम, पाणी जाळीकडे न जाता दाराशी साचतं, फोटो ४. प्रत्येक कामाची सुरू व पूर्ण होण्याची तारीख ७ दिवसांत लेखी कळवावी." ऑफिसात देऊन माझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, शिवाय मेल केला. पाचव्या दिवशी तारखा आल्या.

सुनील: घाई कशाला? रेरात पाच वर्षं आहेत की. सावकाश लिहा.

मेघनाताई: सुनील, अर्धंच बरोबर आहे. कलम १४ मध्ये ताब्यापासून ५ वर्षं आहेत, त्यात कामाचा दर्जाही येतो, आणि कळवल्यावर ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करून द्यायची असते. पण टाइल फुटलेली असेल, काचेवर चरा असेल, तर सहा महिन्यांनी "तुमच्या सुताराने केलं" म्हणतात. मी इंटिरिअरची कामं करते, हा वाद दर दुसऱ्या घरी बघते. शिवाय ताबापत्रात "काम समाधानकारक" असं छापलेलं असतं. सही करताना त्याखाली हाताने लिहा: "सोबतच्या यादीतील त्रुटी वगळून".

प्रशांत: आमचा ताबाच दीड वर्ष लांबलाय. व्याज मागायचं पत्र कुणाकडे आहे का?

मेघनाताई: प्रशांत, तो विषय वेगळा, कलम १८ बघा.

वैशाली, ठाणे: बाथरूमच्या उताराचं जरूर लिहा. आमच्याकडे त्यांनी फक्त जाळीभोवती पांढरं सिमेंट भरलं आणि "झालं" म्हणाले. मी जाळी बंद करून इंचभर पाणी २४ तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंच्या छताला ओल! त्यांनी स्वतः फोटो पाठवला. तो जोडून पत्र दिलं, तेव्हा कुठे लादी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं.

धागाकर्ती: ही चाचणी मी केलीच नाही. आज रात्रीच पाणी भरते, खालच्या घरी सांगून.

सुनील: भिंतीतल्या केसासारख्या भेगांचं काय? आमचा इंजिनिअर "प्लास्टर सुकल्याच्या आहेत" म्हणतो.

मेघनाताई: असतीलही. पेन्सिलीने टोकं खुणवा, शेजारी तारीख घाला, एका पावसाळ्यानंतर बघा. यादीत मात्र आत्ताच लिहा.

वैशाली, ठाणे: आमची पुढे सरकली. बिल्डर अजून "रंगाचं काम" म्हणतोय.