मिक्सरच्या पोस्टखाली गिऱ्हाइकाची भाषा की ७५० वॅट?

सांगलीचा दुकानदार: मिक्सरच्या फोटोखाली मी कंपनीचंच वर्णन टाकतो: ७५० वॅट, तीन भांडी, स्टीलची पाती. पुतणी म्हणते, गिऱ्हाईक काय बोलतं ते वहीत टिपा आणि तेच लिहा. खरंच उपयोग होतो का?

काउंटरवाली: होतो, पण ‘छान चालतो’ टिपून नाही. वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी लिहा, घेण्याआधी बोलले की नंतर, आणि कोणत्या कामाबद्दल. आमच्याकडे घेण्याआधीचा ठरलेला प्रश्न: “चारच मिरच्या टाकल्या तर पातं नुसतं वरून फिरणार नाही ना?” एवढ्यावर एक पोस्ट होते. चटणीच्या भांड्यात खरोखर चार मिरच्या, दोन लसूण पाकळ्या घालून व्हिडिओ काढा आणि खाली लिहा: “चार मिरच्यांचा ठेचा. पातं नुसतं फिरत नाही, वाटतं.” पण व्हिडिओत वाटलं गेलं तरच. एका पोस्टला असा एकच शब्दप्रयोग पुरे. ‘गंधासारखं’, ‘झटपट’, ‘सासूबाई खूश’ सगळं कोंबलं की जाहिरातच वाटते.

आकडेमोडे: वॅट काढून टाकाल तर शोधणाऱ्याला सापडणार कसे? लोक ‘750 watt mixer’ असंच टाइप करतात. शिवाय जास्त वॅट म्हणजे जास्त बारीक, हे गिऱ्हाइकालाही कळतं.

काउंटरवाली: पहिलं मान्य, वॅट शेवटच्या ओळीत राहू द्या. दुसरं नाही. वॅट जास्त असले तर हळकुंडं, सुकं खोबरं घातल्यावर मोटर अडत नाही. बारीक होणं पात्याच्या धारेवर आणि भांड्यात किती घातलंय त्यावर.

नव्या घरातली: आमचा मिक्सर इडलीचं पीठ वाटताना मध्येच बंद पडतो. नवीनच घ्यावा का?

काउंटरवाली: ताई, बहुतेक मिक्सरना खाली छोटं लाल बटण असतं. प्लग काढा, मोटर थंड होऊ द्या, भांड्यातलं पीठ कमी करा आणि बटण दाबा. जळका वास येत असेल तर मात्र दुकानात दाखवा. (दुकानदारदादा, ‘मध्येच बंद पडतो’ हेही वहीत घ्या. अगदी याच शब्दांत पोस्ट लिहिली तर जुनं गिऱ्हाईक थांबून वाचेल.)

मालवणी माणूस: मला धोका वेगळाच दिसतो. गिऱ्हाईक कौतुकात अतिशयोक्ती करतं. कुणी हळदीला ‘वस्त्रगाळ’ म्हणालं आणि तुम्ही ते छापलंत, की ते तुमचं आश्वासन झालं. न चाळता मिक्सरमधून वस्त्रगाळ पूड निघत नाही. भांडायला लोक तुमच्याच दारात येणार. आणि आमच्याकडे वाटप म्हणतात, तुमच्याकडे वाटण. कोणाचं लिहिणार?

काउंटरवाली: सांगलीच्या गिऱ्हाइकाला वाटण. कोकणात माल पाठवत असतील तर तिथल्या मेसेजमधून वहीत वेगळं पान करावं. वस्त्रगाळबद्दल तुमचं खरं आहे. मी तिथे “चाळून घ्या, भरड पुन्हा फिरवा” असं लिहीन.

आकडेमोडे: तरी वॅट पहिल्या ओळीतच हवेत. ‘आणखी वाचा’ दाबून शेवटची ओळ कोण बघतं?

सांगलीचा दुकानदार: वही आजच घेतो. वॅटचं दोन्ही प्रकारे टाकून बघतो.