गच्चीवरच्या बागेचं पेज ४,२०० वर अडकलंय

*बी-३०२ काकू:* मंडळी, जरा मदत हवीय. माझं गच्चीवरच्या बागेचं इन्स्टाग्राम पेज दिवाळीपासून ४,२०० फॉलोअर्सवर अडकलंय. रोज न चुकता पोस्ट टाकते. कुणाला यातलं कळतं का?

*ए-१०४ काका:* दिवसाला दोन टाकून बघा.

*सी-६०१ दादा:* काका, इतक्यात नको. माझं रोजचं काम दुकानांची पेजेस सांभाळायचंच आहे, म्हणून सांगतो. काकू, इनसाइट्समध्ये फॉलोअर्सवर जा आणि शेवटचे ३० दिवस निवडा. नवे किती आले आणि सोडून किती गेले, दोन्ही आकडे वेगळे दिसतील.

*बी-३०२ काकू:* आले ९१, गेले ८६. अगं बाई! मला वाटलं कुणी येतच नाहीये.

*सी-६०१ दादा:* येतायत, पण टिकत नाहीत. आता शेवटच्या ३० पोस्ट वहीत उतरवा. प्रत्येकीसमोर तीनच गोष्टी लिहा: फॉलो न करणाऱ्या किती जणांपर्यंत गेली, कितींनी ती दुसऱ्याला पाठवली आणि तिच्यावरून कितींनी फॉलो केलं. लाइक लिहू नका. ते बहुतेक आपल्याच माणसांचे असतात.

*बी-३०२ काकू:* (दुसऱ्या दिवशी) लिहून झालं. आपल्या भाज्यांचे १६ फोटो, त्यावरून ११ फॉलो. सणांच्या शुभेच्छा ७, त्यावरून शून्य. झाडांच्या रोगांवरच्या ४ रील्स, त्यावरून ५२! आणि कपड्यांच्या एका पेजबरोबर साडीचं बक्षीस ठेवलं होतं, त्याच्या ३ पोस्टवरून २४.

*सी-६०१ दादा:* बघा, चित्र स्वच्छ आहे. फोटो तुमच्याच लोकांत फिरतो, रील अनोळखी माणसापर्यंत जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की किती वेळ पाहिलं, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन आहे. त्यातही नव्या माणसांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त उपयोगी. टोमॅटोची टोपली कोण कुणाला पाठवणार? पण 'मिरचीची पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी' हे बाग करणारी बाई लगेच बहिणीला पाठवते.

*बी-३०२ काकू:* खरंय! तीच रील सगळ्यात जास्त पाठवली गेलीय.

*सी-६०१ दादा:* आता बक्षीस. निकाल कधी लावला? आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सोडून जाणारे वाढलेत का?

*बी-३०२ काकू:* ११ तारखेला. १२ आणि १३ला मिळून ३१ गेले. कोण गेले ते मात्र दिसत नाही.

*सी-६०१ दादा:* नावं दिसणार नाहीत, पण तारखा बोलतात. ते साडीसाठी आले होते, झाडांसाठी नाही. ज्यांचे लोक स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत उभे असतात, त्यांच्याबरोबर जोडी जमवा.

*डी-२०५ ताई:* काकू, माझं रेसिपीचं पेज आहे, २,८०० जण. कढीपत्त्यावर करूया? तो वाढत का नाही, हे मलाच रोज विचारतात.

*सी-६०१ दादा:* उत्तम! पण एकमेकींना नुसतं टॅग करू नका. काकू, पोस्ट टाकतानाच ताईंना कोलॅबचं आमंत्रण पाठवा. ताई, तुम्ही ते स्वीकारायला विसरू नका. मग एकच रील दोघींच्या पेजवर दिसते. आणि काकू, 'नमस्कार मैत्रिणींनो' काढा. रील कुठे सोडली जाते त्याचा आलेख बघा, पहिल्याच सेकंदांत घसरण असेल. वळलेलं पान हातात धरून बोलायला सुरुवात करा.

*ए-१०४ काका:* मग रोज टाकायचं की नाही?

*सी-६०१ दादा:* आठवड्यात तीन पुरे, पण त्यातल्या दोन अडचण सोडवणाऱ्या रील्स. भाज्यांचे फोटो स्टोरीत टाका, तिथे जुनी माणसं बघतात. आणि सहा आठवडे बदल करू नका. एखादी रील उसळली की सरासरी फसवते, म्हणून सगळ्या रील्सचे आकडे लहान ते मोठे लावून मधला धरायचा.

*बी-३०२ काकू:* (सहा आठवड्यांनी) गेल्या ३० दिवसांत आले ११८, गेले ३९! कढीपत्त्याच्या रीलवरून ४४ जणांनी फॉलो केलं. पण नर्सरीवाल्याबरोबरची जमली नाही, फक्त ६.

*सी-६०१ दादा:* ती पाहिली मी. अर्धी रील खतांच्या पिशव्यांवरच गेली. त्याला म्हणावं, एका कुंडीतली माती हातात घेऊन दाखव, ती घट्ट का झाली ते सांग.

*बी-३०२ काकू:* सांगते. रविवारी सकाळी सातला गच्चीवर जास्वंदाच्या मिलीबगची रील करतेय. डी-२०५, मोबाइल धरायला येशील का गं?