मदत हवी आहे: चुंबक, व्हिनेगर, फरशी सगळ्यात पास झालेला गोफ खरा मानावा का?

सांगलीकर_मीना
ओळखीच्या एका गृहस्थांना घरच्या आजारपणासाठी पैसे हवे आहेत. त्यांचा गोफ आम्हाला बाजारभावापेक्षा कमी दराने देत आहेत. काट्यावर वजन २०.०५ ग्रॅम. कडीवर ९१६ आहे, पण सहा अक्षरी एचयूआयडी नाही. बिल हरवलं म्हणतात. व्हिडिओ बघून मी तीन चाचण्या केल्या. चुंबकाला गोफ चिकटला नाही, फक्त फासा किंचित ओढला गेला. व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला, रंग तसाच. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला तर पिवळी रेघ उमटली. शनिवारी पैसे द्यायचे आहेत. आणखी काय बघू?

निनाद७७
फासा चिकटतोय म्हणजे नकलीच. सरळ नाही म्हणा.

जुना_कारागीर
निनाद, फाशात पोलादाची स्प्रिंग असते. अस्सल २२ कॅरेटच्या चेनचा फासाही ओढला जातो. त्यावरून काही ठरत नाही.

मीनाताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं पेढीच्या मागे बसून काम केलं आहे. तुमच्या तिन्ही चाचण्या मुलाम्याचा डागही पास करतो. चुंबक लोखंड पकडतं. तांबं, पितळ, चांदी, शिसं यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही आणि खोटे डाग याच धातूंचे असतात. व्हिनेगर सोन्याच्या थराला काही करत नाही, म्हणून आतल्या धातूपर्यंत पोचत नाही. फरशीवर पिवळी रेघ आली ती वरच्या थराची. थर जाड असेल तर दहा वेळा घासलं तरी पिवळीच येईल.

विशाल_डी
बाथरूम साफ करायचं ॲसिड लावा ना. खोटं असेल तर लगेच फेसाळतं.

जुना_कारागीर
नका लावू. ते मिठाचं ॲसिड, सराफ वापरतात ते तेजाब म्हणजे नायट्रिक. तेही वरवर लावून उपयोग नाही. आम्ही आधी एका कडीला कानशीने खोल खाच पाडतो आणि तेजाबाचा थेंब त्या खाचेत टाकतो. आत पितळ असेल तर हिरवं होतं, चांदी असेल तर दुधट. खाच न पाडता लावलं तर थेंब मुलाम्यावरच बसतो आणि माल खरा दिसतो. हे घरी करू नका, धूर विषारी असतो.

घरी करण्यासारखं एक आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. गोफ दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. जो आकडा येईल त्याने २०.०५ ला भागा. २२ कॅरेट भरीव असेल तर काट्यावर १.१३ च्या आसपास दिसेल, पितळ असेल तर २.३ च्या पुढे.

सांगलीकर_मीना
काका, केलं. १.८६ आलं. भागून १०.८.

जुना_कारागीर
कड्यांमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर आकडा फुगतो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, गोफ हलवून पुन्हा बघा.

सांगलीकर_मीना
आता १.८४. म्हणजे १०.९.

जुना_कारागीर
मग हा भरीव २२ कॅरेट नव्हे. चांदी १०.५ असते, वर सोन्याचा जाड थर असला तर असाच आकडा येतो. अगदी हलक्या कॅरेटचं सोनंही इथेच येतं, म्हणून खोटंच आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. कड्या पोकळ असतील तर आकडा आणखी फसवतो.

शोभा_इनामदार
माझ्याही आजीच्या लाखेच्या पाटल्या अशाच पाण्यात हलक्या ठरल्या! जावेने त्या खोट्या म्हणून दोन वर्षं मला बोलून दाखवलं. सराफाने लाख काढून तोलल्या तर पत्रा अस्सल निघाला. माझ्या पाटल्यांवर हॉलमार्क नाही, तर त्या आता विकता येतील का?

विशाल_डी
मीनाताई, मशीनवर नेऊन ठेवा, मिनिटात टक्के कळतात.

जुना_कारागीर
विशाल, तो एक्सआरएफ वरची पातळ साल वाचतो. जाड मुलाम्याला तोही सोनंच म्हणेल, त्यामुळे तिथेही आधी एक कडी कापावी लागते. मीनाताई, बीआयएसच्या मान्यतेचं हॉलमार्किंग केंद्र गाठा, ग्राहकांचे दागिने ते तपासून देतात. कडी कापून भट्टीत तपासा असं स्पष्ट सांगा आणि त्या गृहस्थांना सोबत न्या. शोभाताई, जुने दागिने सराफाला विकायला हॉलमार्क लागत नाही. फक्त लाखेचं वजन वजा करून भाव लावायला सांगा.

सांगलीकर_मीना
आत्ताच फोन केला. केंद्रात यायला ते तयार आहेत, पण कडी कापू देणार नाहीत, आईची आठवण आहे म्हणतात. त्यांच्या घरी खरंच आजारपण आहे, ते मी बघितलंय. कापू दिली नाही तर फाशाजवळच्या जोडकडीवरून काही कळेल का?

जुना_कारागीर
जोडकडी पुष्कळदा वेगळ्या तारेची असते. ती खरी निघाली तरी गोफ खरा ठरत नाही.