ईओडी म्हणजे नेमकं कुणाच्या दिवसाचा शेवट?

> "न्यूयॉर्कहून ईओडी लिहून येतं. मग काम आमच्या संध्याकाळी द्यायचं की त्यांच्या?"

लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा त्याचीच संध्याकाळ असते, आणि गोंधळ 'आज' या शब्दापाशी सुरू होतो. समजा, गुरुवारी १६ जुलैला दुपारी ३ वाजता न्यूयॉर्कहून 'आज ईओडीपर्यंत पाठवा' अशी मेल निघाली. पुण्यात तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. त्यांचे गुरुवारचे ५ म्हणजे आपले शुक्रवारचे पहाटेचे अडीच. तुम्ही सकाळी साडेनऊला मेल उघडता तेव्हा मुदत उलटून सात तास झालेले असतात, आणि तुम्ही मात्र शुक्रवारची संध्याकाळ धरून कामाला लागता.

म्हणून उत्तरात लगेच वार, तारीख, वेळ आणि दोन्ही गावं लिहा:

```
शुक्रवार, १७ जुलै, संध्या. ६:३० पुणे (UTC+5:30)
= शुक्रवार, १७ जुलै, सकाळी ९:०० न्यूयॉर्क (UTC-4)
```

महिना अक्षरीच हवा. ०७/०८ अमेरिकेत ८ जुलै होतो. नुसतं IST लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कची घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं, तेव्हा जुना हिशेब पुढे चालवू नका.

एएसएपीमध्ये तर वेळच नसते. तिथे सरळ विचारा: 'पुण्याच्या दुपारी २ पर्यंत दिलं तर चालेल का? की हातातलं काम थांबवू?'