‘रेफ्रिजरेटिंग इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

सातपूरकर: आयटीआयच्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढतोय. एक किलो गॅस कॉइलमधून जाताना जेवढी उष्णता उचलतो, त्याला मी ‘प्रशीतन परिणाम’ लिहिलं होतं. आर-१३४ए, कॉइलमध्ये उणे १०, कंडेन्सरमध्ये ४० अंश. किलोमागे एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये अशी: कॉइलमधून निघताना ३९३, कॉम्प्रेसरनंतर ४२७, कंडेन्सरनंतर २५६, व्हॉल्व्हनंतरही २५६. निम्म्या वर्गाने ४२७ मधून २५६ वजा केले, उत्तर १७१. ‘परिणाम’ म्हटलं की पोरं सगळ्यात मोठ्या आकड्याला हात घालतात. सरळ ‘थंडावा’ लिहू का?

शुद्धमती: थंडावा जिवाला मिळतो, यंत्राला नव्हे. ‘शीतनक्षमता’ लिहा.

बर्फवाला: क्षमता नको, ती अख्ख्या मशीनची असते, टनात मोजतात. इथे हिशोब एका किलोचा आहे. ३९३ वजा २५६, म्हणजे १३७. पोरांचे १७१ ही कंडेन्सरने बाहेर टाकलेली उष्णता. त्यात कॉम्प्रेसरने घातलेले ३४ पण आले.

गंगापूर रोड: एवढा काथ्याकूट कशाला? गॅस उकळतो, म्हणजे ती ‘सुप्त उष्णता’च की. उणे १० ला तक्त्यात २०६ दिलीय.

बर्फवाला: व्हॉल्व्हमधून निव्वळ द्रव आला असता तर २०६ मिळाले असते. पण तो येतो ४० अंशाचा. दाब पडला की त्यातलाच काही भाग उकळतो आणि बाकीच्याला उणे १० पर्यंत उतरवतो. उणे १० च्या द्रवाची एन्थाल्पी १८७, आपल्याकडे आहेत २५६. मधले ६९ भागिले २०६, म्हणजे तिसरा हिस्सा कॉइलमध्ये शिरण्याआधीच वाफ झाला. उरलेला दोन तृतीयांश द्रव काय तो कामाचा.

बागाईतदार: टनावरून आठवलं. पिंपळगावला प्रीकूलिंगवाला म्हणाला, दहा टनांचं मशीन आहे. मी दहा टन द्राक्षं घेऊन जायच्या बेतात होतो.

बर्फवाला: तो टन वजनाचा नाही, साडेतीन किलोवॉटचा. किलोमागे १३७ धरले तर एका टनाला मिनिटाला दीड किलो गॅस फिरवावा लागतो.
माझं मत ‘थंडावा’लाच. एका शीतगृहात परतीच्या पाइपचं वेष्टण फाटलेलं होतं. तिथे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मोजलं की आकडा ३९३ च्या वर जायचा आणि मालक खूश. ती वरची उष्णता उन्हाची, द्राक्षांची नव्हे. मालाला मिळाला तेवढाच थंडावा.

शुद्धमती: मग ‘गारवा’ का नको? आणि द्रवाला ‘गॅस’ कसं म्हणता? ‘प्रशीतक’ म्हणा.

बर्फवाला: अंबडच्या दुकानात ‘प्रशीतक द्या’ म्हणून बघा. पोरगं पूजेच्या सामानाचं दुकान दाखवेल.

सातपूरकर: थंडावा की गारवा, तेवढं सांगा हो. उद्या झेरॉक्सला द्यायचंय.

शुद्धमती: झेरॉक्स नव्हे, छायाप्रत.