कनिष्ठाच्या ईमेलचा मसुदा आपण दुरुस्त करावा की त्याच्याकडून करून घ्यावा?

हिंजवडीची टीम लीड (प्रश्न):
माझ्या टीममध्ये सहा जण आहेत आणि ग्राहकाला जाणारा ईमेल नव्या मुलांनी आधी मला दाखवायचा, असे आमचे ठरलेले आहे. गेल्या महिन्यात एका मुलाच्या मसुद्यात मी सतरा बदल सुचवले. तेव्हापासून तो मसुदे पाठवतच नाही, विचारले तर म्हणतो, "मॅम, तुम्हीच लिहून द्या ना." चुका दाखवायच्या तर मुलगा खचतो आणि न दाखवाव्यात तर ग्राहकासमोर अडचण होते. तुम्ही काय करता?

औंधकर:
सतरा चुका होत्या, तर सतराही दाखवायला हव्या होत्या, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या पहिल्या साहेबांनी माझी पत्रे लाल शाईने भरून परत केली आणि मी त्यातूनच लिहायला शिकलो. चुकीची तारीख किंवा चुकीचा आकडा ग्राहकाकडे गेला, तर तो लिहिणाऱ्याचे वय पाहत नाही. मन सांभाळण्याच्या नादात चूक झाकली, तर नुकसान त्या मुलाचेच होते.

बाणेरकर:
तारीख आणि आकड्यांबाबत औंधकरांशी मी पूर्ण सहमत आहे, पण सतराही बदल एकाच तोलाचे होते असे ते गृहीत धरतात, तिथे माझा मतभेद आहे. मी बरीच वर्षे नव्या मुलांचे मसुदे तपासत आलो आहे. त्यातला एक प्रसंग तपशिलाने सांगतो.

आमच्या टीममधील एका मुलीला जर्मनीतील ग्राहकाला कळवायचे होते की शुक्रवारी द्यायचे काम सोमवारी मिळेल. तिच्या मसुद्यात आधी विचारपूस होती, मग आठवडाभर टीमने काय काय केले ते होते, त्यानंतर सर्व्हरची अडचण आणि चौथ्या परिच्छेदात "थोडा विलंब होण्याची शक्यता आहे" असे वाक्य. शेवट अर्थातच "प्लीज डू द नीडफुल" असा. इंग्रजीच्या सात-आठ चुका मला लगेच दिसत होत्या, पण मी त्यांना हात लावला नाही. तिला जवळ बसवून एकच विचारले, "हे वाचून त्यांनी काय करावे, असे तुला वाटते?" ती चटकन म्हणाली, "सोमवारची तारीख मान्य करावी आणि तोपर्यंत जुनी आवृत्ती वापरावी." मी म्हणालो, "आत्ता जे बोललीस, तेच पहिल्या दोन वाक्यांत लिही."

दहा मिनिटांत तिने मसुदा पुन्हा लिहिला आणि चार परिच्छेदांचे दीड झाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तिच्या इंग्रजीच्या बहुतेक चुका वगळलेल्या मजकुरातच होत्या आणि त्या मजकुराबरोबर निघून गेल्या. मी आधी व्याकरण तपासले असते, तर जे परिच्छेद राहणारच नव्हते ते सुधारण्यात आम्हा दोघांचाही वेळ गेला असता आणि "आपल्याला इंग्रजी येत नाही" एवढेच तिच्या मनात उरले असते.

दुसरी सूचना मात्र मी प्रश्न न विचारता सरळ सांगितली. तिने "सोमवारी दिवसअखेर" असे लिहिले होते. दिवसअखेर कोणाची? आपले संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, म्हणून वेळ आणि ती कुठली, हे दोन्ही लिहायचे. हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. जे उत्तर मुलांना ठाऊक असते, तिथे विचारावे. जे ठाऊक असण्याची शक्यताच नाही, तिथे कोडी न घालता सांगून टाकावे. उरलेल्या दोन किरकोळ चुका मी स्वतः दुरुस्त केल्या आणि तसे तिला कळवले. "काइंडली" तीनदा आले होते, ते तसेच राहू दिले. मला तो शब्द आवडत नाही, पण ती माझी आवड झाली.

चिंचवडची इंजिनिअर:
मी त्या मुलाच्या जागेवरून लिहिते आहे, कारण मला नोकरीत येऊन दोनच वर्षे झाली आहेत. माझ्या पहिल्या लीडकडून मसुदा परत येई तेव्हा माझे एकही वाक्य शिल्लक नसे. मी `Accept All` दाबून तो पाठवून देत असे. काय बदलले आणि का बदलले, हे मी एकदाही वाचले नाही. एकदा त्यांनी माझे "वुई" खोडून "आय" केले आणि पुढच्याच आठवड्यात "आय" खोडून "वुई" केले. त्या दिवसापासून मी ग्राहकासाठी लिहिणे सोडून त्यांना काय आवडेल याचा अंदाज बांधत लिहू लागले आणि मसुदा मुद्दाम साडेसहाला पाठवू लागले, म्हणजे तपासायला त्यांच्याकडे वेळच उरत नसे. मसुदे उशिरा येऊ लागले, तर त्यामागे आळसच असेल असे कृपया समजू नका. आणि "छान लिहिलेस, पण" अशी सुरुवातही नको. आम्हाला फक्त "पण" ऐकू येतो.

सदाशिव पेठेतील वाचक:
मूळ अडचण इंग्रजीची दिसते. आमच्या कार्यालयात आम्ही नेहमीच्या पत्रांचे दहा नमुने तयार करून ठेवले आणि तक्रारी थांबल्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास इंग्रजीचा वर्ग ठेवावा. नमुने असले की मसुदा तपासायची वेळच येत नाही.

बाणेरकर:
पोच देणे, बैठकीची वेळ कळवणे, यासाठी नमुने उत्तम आहेत आणि ते जरूर ठेवावेत. पण उशीर किंवा नकार कळवायचा असतो तेव्हा नमुना पुरत नाही आणि मुले नेमकी तिथेच अडखळतात. शिवाय प्रत्येक अडचण व्याकरणाची नसते. "आय हॅव अ डाउट" हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. आपण त्यातून शंका विचारतो. परदेशातील वाचकाला मात्र आपण त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटू शकते. ही बाबही सरळ सांगण्यातली आहे.

औंधकर:
हे सारे वेळ असेल तेव्हा ठीक. पावणेसहाला मसुदा आला आणि सहाला ग्राहक कॉलवर येणार आहे, तेव्हा मुलाला जवळ बसवून प्रश्न कसे विचारणार?

बाणेरकर:
तेव्हा विचारू नये. स्वतः लिहावे आणि पाठवावे. दुसऱ्या दिवशी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दहा मिनिटे बोलावे, आणि तेही फक्त सर्वांत मोठ्या फरकाविषयी.

औंधकर:
सहा जणांसाठी ही दहा मिनिटे रोज कुठून आणायची, हे मला अजूनही पटलेले नाही. पण माझ्या साहेबांची लाल शाई बहुतेक वेळा आकड्यांवर आणि तारखांवरच असे, हे आत्ता लिहिताना आठवले. माझी वाक्ये ते फारशी बदलत नसत.

हिंजवडीची टीम लीड:
मी ते सतरा बदल आज पुन्हा उघडून पाहिले. दोन ठिकाणी तारखा खरोखर चुकल्या होत्या आणि एका वाक्याचा अर्थ उलटा होत होता. उरलेले चौदा बदल माझ्या सवयीचे होते. त्यात "रिगार्ड्स"च्या आधी "बेस्ट" लावणेही आले. सगळे एकाच रंगात होते, त्यामुळे कोणते तीन महत्त्वाचे हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. उद्या त्याच्याशी बोलणार आहे. आधी त्याची माफी मागावी का, हे मात्र मला ठरवता येत नाही.

चिंचवडची इंजिनिअर:
माफीने तो अवघडून जाईल, असे मला वाटते. त्याचा मूळ मसुदा उघडा, फक्त ते तीन बदल ठेवा, चौदा काढून टाका आणि त्याच्यासमोर ठेवा.

बाणेरकर:
मसुदा समोर ठेवाच, पण मी असतो तर एका वाक्यात चूक कबूलही केली असती.